ओव्हरहँगिंग बीमचा एसएफडी-बीएमडी काढताना या चुका टाळा

एसएफडी शेवटी शून्यावर येऊन मिळाला की गणित बरोबर आलं, असं बहुतेक विद्यार्थी धरून चालतात. ओव्हरहँगिंग बीममध्ये हा भरवसा घात करतो. कसा, ते एका उदाहरणावर पाहू.

बीमची एकूण लांबी 8 मीटर. आधार A डाव्या टोकाला आणि B तिथून 6 मीटरवर. पुढे C पर्यंत 2 मीटरचा ओव्हरहँग. संपूर्ण 8 मीटरवर 10 किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल आणि C टोकावर 20 किलोन्यूटनचा पॉइंट लोड.

यूडीएलचा मध्य चुकणे

यूडीएलचा एकूण भार 80 किलोन्यूटन. तो लोड जितक्या लांबीवर पसरला आहे त्या लांबीच्या मध्यावर, म्हणजे A पासून 4 मीटरवर धरायचा. पण नजर दोन आधारांमधल्या गाळ्यावर असते आणि हात 3 मीटर लिहून मोकळा होतो. बरोबर मांडणी अशी:

```
A भोवती: RB × 6 = 80 × 4 + 20 × 8 = 480
RB = 80 kN
RA = 100 − 80 = 20 kN
```

4 ऐवजी 3 घेतलं तर RB 66.67 आणि RA 33.33 येतो. बेरीज तरीही 100 च भरते, कारण RA आपण वजाबाकीनेच काढलेला असतो. त्यामुळे एसएफडीसुद्धा C ला व्यवस्थित शून्यावर मिळतो. चूक उघडी पडते ती बीएमडीत: C ला मोमेंट शून्य यायला हवा, तिथे 80 किलोन्यूटन-मीटर उरतो. म्हणून आकृती काढायला घेण्याआधीच B भोवती मोमेंट घेऊन RA स्वतंत्रपणे तपासा. यूडीएलचा मध्य B च्या डावीकडे 2 मीटरवर आहे आणि C चा लोड उजवीकडे 2 मीटरवर, म्हणून तो वजा होतो: 160 − 40 = 120, आणि 120 ला 6 ने भागून 20. जुळलं की पुढे जा.

B जवळ एकच शिअर लिहिणे

डाव्या टोकापासून निघा, वर जाणारं बल धन धरा. A ला +20, मग दर मीटरला 10 ने उतरत B च्या किंचित डावीकडे −40. तिथे 80 ची उभी उडी, म्हणून किंचित उजवीकडे +40. C च्या अलीकडे +20 आणि पॉइंट लोडने 0. B साठी दोन किमती लिहायच्याच. एकच लिहिली की उडी गाळली जाते आणि पुढची सगळी रेषा घसरते. ओव्हरहँगवरही यूडीएल आहे, म्हणून तिथली रेषा आडवी नाही, तिरपी येते. हेही बऱ्याच उत्तरपत्रिकांत हुकतं.

शिअर शून्य दिसला की शोध थांबवणे

शिअर A पासून 2 मीटरवर शून्य होतो आणि तिथे मोमेंट +20 येतो. तोच कमाल समजून चौकट करणं ही या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक. B लाही शिअर चिन्ह बदलतो, ऋणाचा धन होतो. तिथला मोमेंट उजवीकडून काढणं सोपं: −(20 × 2) − (10 × 2 × 1) = −60. म्हणजे मध्यातल्या सॅगिंगच्या तिप्पट हॉगिंग आधारावर आहे. हा बीम आरसीसीचा असेल, तर B वर ताण वरच्या बाजूला येतो आणि मुख्य सळया वर लागतात.

शिअरच्या क्षेत्रफळांनी हे पडताळता येतं. पहिल्या 2 मीटरचा त्रिकोण +20, पुढच्या 4 मीटरचा −80, म्हणून B ला −60. ओव्हरहँगवरचा समलंब चौकोन (40 + 20) ÷ 2 × 2 = +60, आणि C ला शून्य. बीएमडी असा मिळाला तरच निर्धास्त व्हा.

वक्र आणि कॉन्ट्राफ्लेक्शर

A आणि B दरम्यान मोमेंट 20x − 5x² आहे. तो शून्य केला की x = 0 आणि x = 4 मिळतात. x = 0 हा साधा आधार; कॉन्ट्राफ्लेक्शरचा बिंदू 4 मीटरवर, म्हणजे B च्या 2 मीटर अलीकडे. ही जागा अंदाजाने B ला चिकटवू नका, कारण वरच्या सळया किमान इथपर्यंत आणि त्यापुढे अँकरेजइतक्या न्याव्या लागतात.

ओव्हरहँगवर −60 पासून 0 पर्यंत पट्टीने सरळ रेषा मारली जाते, तीही चूक. B पासून 1 मीटरवर मोमेंट −20 − 5 = −25 आहे; पट्टीची रेषा −30 दाखवते. बीएमडीचा चढ म्हणजे त्या जागेचा शिअर. B जवळ तो 40 आणि C जवळ 20, म्हणून वक्र B पाशी उभा चढतो आणि C कडे सौम्य होतो. हात उलटा वळला, म्हणजे C कडे वक्र अधिक उभा झाला, तर एसएफडीकडे एकदा पाहा. चूक तिथल्या तिथे दिसेल.