वाय-फायचं फक्त नाव बदललं, पासवर्ड तोच. तरी सगळं बंद का पडतं?

नागपुरात धरमपेठेतल्या एका फ्लॅटमधलं उदाहरण घ्या. राउटरचं नाव Joshi_Home होतं, ते Joshi_302 केलं, पासवर्ड जुनाच. मोबाइल, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, सगळे ऑफलाइन. कारण प्रत्येक उपकरण पासवर्ड नावासोबत जोडून साठवतं. नाव बदललं की त्याच्या लेखी ते नवंच नेटवर्क. कॅपिटल-स्मॉल अक्षराचा फरकही चालत नाही.

मोबाइल-टीव्हीचं सोपं आहे: नवं नाव निवडा, तोच पासवर्ड टाका, जुनं नाव 'फरगेट' करा. खरी कटकट कॅमेरा आणि स्मार्ट प्लगची. त्यांना स्क्रीन नाही, म्हणून बहुतेकदा रिसेट करून ॲपमधून पुन्हा जोडावं लागतं. इतकी खटपट नको असेल तर राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय, सुरू करा आणि त्याला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड, तोच सिक्युरिटीचा प्रकार द्या. कॅमेरा आपोआप जोडला जाईल. प्रिंटरला मात्र हा उपाय बहुधा नडतो, कारण गेस्टवरची उपकरणं मुख्य नेटवर्कवरच्या मोबाइलला सहसा दिसत नाहीत.

आणि शेजाऱ्याला हटवायला नाव बदलत असाल, तर काही उपयोग नाही जी. यादीत नवं नाव दिसलं की तो जुनाच पासवर्ड टाकून आत येईल.