नव्या मालकाने उरलेले शेअर मागितले, तर योग्य भाव कसा मिळवावा

समजा, जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचे १० लाख शेअर आहेत आणि ती शेअर बाजारात नोंदलेली नाही. आठ महिन्यांपूर्वी बाहेरच्या गटाने संस्थापक कुटुंबाचे शेअर ४८० रुपयांनी घेतले. आज त्या गटाकडे ९२ टक्के शेअर आहेत. उरलेले ८ टक्के अंबड, परतूर, घनसावंगीच्या जुन्या विक्रेत्यांकडे आणि शेतकऱ्यांकडे आहेत. त्यांच्या घरी आता नोटीस आली आहे: ३०० रुपयांनी शेअर द्या.

सगळ्यात आधी नोटिशीतला कलम क्रमांक वाचा. कंपनी कायदा २०१३चे कलम २३५ असेल, तर हरकतीचा अर्ज नोटिशीपासून एका महिन्याच्या आत एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे गेला पाहिजे. हा महिना बहुतेकांचा विचार करण्यातच जातो. आपल्या उदाहरणात कलम २३६ आहे. ते ९० टक्के किंवा जास्त शेअर नावावर नोंदवलेल्यालाच वापरता येते. एमसीए म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून MGT-7 हे वार्षिक विवरण पाहा आणि त्यानंतरची खरेदी कंपनीच्या सभासद नोंदवहीत पडताळा.

सही केली नाही की शेअर आपलेच राहतात, हा समज महागात पडतो. कंपनीने दिलेल्या मुदतीत सर्टिफिकेट जमा केले नाही, तर ते रद्द झाल्याचे धरून नवे शेअर काढता येतात. तुमचे पैसे वेगळ्या बँक खात्यात किमान एक वर्ष ठेवावे लागतात. म्हणून गप्प बसू नका, भावावर लेखी हरकत घ्या.

ती हरकत नेमकी हवी, आणि त्यासाठी मूल्यांकन अहवाल लागतो. भाव नोंदणीकृत मूल्यांककाने ठरवायचा असतो आणि त्याने अहवालात कारणे द्यायची असतात. अहवाल संचालक मंडळाच्या नावे असतो, त्यामुळे त्याची प्रत कंपनीकडे लेखी मागा. स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा. प्रत दिली नाही, तर तो नकारही पुढे अर्जात मांडता येतो.

अहवालात तीन जागा तपासा. पहिली, मागच्या बारा महिन्यांत खरेदीदाराने दिलेला सर्वांत जास्त भाव. बाजारात न नोंदलेल्या कंपनीसाठी कंपन्यांच्या तडजोड व विलीनीकरणाच्या २०१६च्या नियमांतील नियम २७ प्रमाणे तो विचारात घ्यावाच लागतो. आपल्याकडे तो ४८० आहे. तेवढाच भाव मिळेल अशी हमी नियम देत नाही, पण ४८० सोडून ३०० का, याचे उत्तर अहवालात हवे. नोटीस तेराव्या महिन्यात आली असती, तर हा आधार सुटला असता.

दुसरी जागा म्हणजे कपात. मूल्यांककाने भाव ४०० काढला आणि शेअर सहज विकता येत नाहीत म्हणून २५ टक्के कापले, की ३०० उरतात. अशी कपात न्यायाधिकरणांनी काही वेळा मान्य केली आहे, म्हणून नुसता विरोध पुरत नाही. २५ टक्केच का, आणि भागधारक स्वतःहून विकत नसताना ही कपात कशासाठी, हे विचारा.

तिसरी, जमीन. ताळेबंदात ती जुन्या खरेदीच्या किमतीलाच असते. शहरालगतची पडीक जमीन ४० लाखांना दाखवली आहे आणि आजची किंमत १२ कोटी आहे असे धरा. फरक ११.६ कोटींचा, म्हणजे शेअरमागे ११६ रुपये. पण भाव नफ्यावरून काढला असेल, तर कारखान्याखालची जमीन वर जोडता येत नाही, कारण तिचे मोल नफ्यातच आलेले असते. फक्त वापराबाहेरची जमीन जोडता येते. ही चूक अर्जात झाली, तर बाकीच्या मुद्द्यांचेही वजन कमी होते.

पैसे घेताना पावतीवरची बारीक ओळ वाचा. ‘पूर्ण व अंतिम मोबदला मिळाला’ असे छापले असेल, तर तशी सही करू नका. ‘भावाबाबतचे हक्क राखून’ असे लिहून द्या.

कलम २३६मध्ये हरकतीसाठी वेगळा अर्ज सांगितलेला नाही. त्यामुळे सहसा कलम २४१खाली अन्यायाची तक्रार करावी लागते, आणि माणसे अडतात ती इथेच. दहा टक्के भांडवल हवे म्हणतात, आणि इथे तर सगळे मिळून ८ टक्केच! पण कलम २४४मध्ये डोकी मोजण्याचाही मार्ग आहे: शंभर सभासद किंवा एकूण सभासदांचा दहावा भाग, यातला कमी आकडा. कंपनीचे ३४० सभासद असतील, तर ३४ जणांची लेखी संमती पुरते. संयुक्त नावे एकच धरतात. शेअर अजून आजोबांच्याच नावावर असतील, तर आधी वारस नोंद करून घ्या. ३४ जमलेच नाहीत, तर अट शिथिल करण्याचा अर्ज करता येतो. मराठवाड्यातल्या कंपन्यांसाठी एनसीएलटीचे मुंबई पीठ आहे.

न्यायाधिकरण सहसा स्वतः भाव ठरवायला बसत नाही. पद्धतीतली उघड चूक दाखवावी लागते. कॅडबरी इंडियाच्या भांडवल कपातीत, म्हणजे लहान भागधारकांचे शेअर पैसे देऊन रद्द करताना, सुरुवातीचा भाव १,३४० रुपये होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४मध्ये मान्य केला तो २,०१४.५० रुपये. आपल्या उदाहरणात ५०० शेअर असलेल्याला ३०० ऐवजी ४८० मिळाले, तर ९०,००० रुपये जास्त मिळतात. वकील आणि दुसऱ्या मूल्यांककाची फी ३४ जणांत वाटली, तर हा हिशेब जमतो.