जाहिरात बंद करायच्या आधी हरवलेल्या ऑर्डरी कशा शोधायच्या

समजा तुम्ही हातमागाच्या साड्या ऑनलाइन विकता, महिन्यात गूगल अ‍ॅड्सवर १२,००० रुपये घातले आणि पॅनल सांगतंय ऑर्डरी २०, म्हणजे एक ऑर्डर ६०० ला पडली, आणि सुटतात ऑर्डरमागे ५५०. जाहिरात बंद करावीशी वाटणारच, पण आधी हे करा.

वेबसाइटच्या अ‍ॅडमिनमधून महिन्याच्या सगळ्या ऑर्डरी काढा, अ‍ॅनालिटिक्समधून `transaction_id` ची यादी काढा आणि एक्सेलमध्ये ऑर्डर नंबर जुळवा. समजा तुमच्याकडे ६० आणि तिकडे ५१. या ९ ऑर्डरींचा माल गेला, पैसे आले, पण ट्रॅकिंगला पत्ताच नाही. बऱ्याचदा कारण अ‍ॅड ब्लॉकर, तो गूगलचा टॅग लोडच होऊ देत नाही. पण सगळं पाप त्याच्या माथी मारू नका, यूपीआयने पैसे भरून गिऱ्हाईक परत साइटवर आलंच नाही तर थँक्यू पेजवरचा टॅगसुद्धा चालत नाही.

आता ९ पैकी जाहिरातीच्या किती? जाहिरातीवरून येणाऱ्याच्या लिंकला `gclid`, म्हणजे गूगलचा त्या क्लिकचा नंबर, चिकटलेला असतो, तो ऑर्डरसोबत आपल्याच डेटाबेसमध्ये सेव्ह करायला डेव्हलपरला सांगा. हे आधीपासून लावलेलं हवं, मागच्या महिन्याचं आता मिळणार नाही. ब्रेव्हसारखे ब्राउझर `gclid` काढूनच टाकतात, त्यामुळे हा आकडा कमीच येतो. समजा ३ सापडल्या, म्हणजे झाल्या २३ आणि खर्च आला ५२२ वर.

६० पैकी ९, म्हणजे १५ टक्के हरवल्या म्हणून जाहिरातीचा आकडाही सरसकट १५ टक्के फुगवायचा, असलं काही करू नका, कारण ब्लॉकरवाल्यांना बऱ्याचदा जाहिरातच दिसत नाही, तर ते क्लिक कुठून करणार.

दुसरी गळती वेगळी आहे. दुपारी मोबाइलवर जाहिरात दाबली, साडी बघितली, रात्री लॅपटॉपवर साइटचं नाव टाइप करून घेतली. ऑर्डर मोजली जाते, पण Direct च्या नावावर. ही पकडायला सोपा उपाय म्हणजे चेकआउटला एकच प्रश्न, "आम्हाला पहिल्यांदा कुठे पाहिलंत?" Direct च्या १४ पैकी ५ जणींनी गूगलची जाहिरात म्हटलं तर २८ ऑर्डरी, खर्च ४२९. मात्र हे सांगीवांगीचं, लोकांना नीट आठवत नाही, म्हणून या ५ वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. इथे पक्क्या २३ वरच जाहिरात फायद्यात आली, थोडक्यात का होईना.

अजून एक, अ‍ॅड्सचा नेहमीचा कॉलम ऑर्डर क्लिकच्या तारखेला टाकतो, त्यामुळे महिन्याचा हिशोब जुळत नाही. `Conversions (by conv. time)` हा कॉलम लावून घ्या.

मग सेटिंगमध्ये एन्हान्स्ड कन्व्हर्जन्स चालू करा. त्यात गिऱ्हाइकाचा ईमेल हॅश करून, म्हणजे वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, गूगलकडे जातो आणि ती बाई दोन्ही डिव्हाइसवर गूगलमध्ये लॉगिन असेल तर मोबाइलचा क्लिक आणि लॅपटॉपची ऑर्डर जुळू शकते. फक्त प्रायव्हसी पॉलिसीत तसं लिहा, आणि मागच्या ऑर्डरी यातून परत येतील ही आशा सोडा.