सहलीच्या खर्चाचा प्रस्ताव व्यवस्थापकीय संचालकांकडे पाठवताना

कर्मचारी कल्याण आणि वार्षिक सहल यांच्या अंतर्गत प्रस्तावात एकच ठोक रक्कम लिहू नये. माणशी बदलणारा खर्च आणि संख्या घटली तरी न बदलणारा खर्च वेगळे दाखवावेत. समजा, पुण्यातील कंपनीचे 60 कर्मचारी दोन दिवसांसाठी महाबळेश्वरला जाणार आहेत. निवास व भोजन माणशी 6,500 रुपये, म्हणजे 3,90,000 रुपये, आणि दोन बसगाड्यांचे 90,000 रुपये धरल्यास एकूण 4,80,000 रुपये, अर्थात माणशी 8,000 रुपये होतात. ऐनवेळी 50 जणच आले, तर बसभाडे तेवढेच राहून एकूण 4,15,000 आणि माणशी खर्च 8,300 रुपये होतो. शिवाय हॉटेलने किमान संख्येची अट घातली असेल, तर एवढीही बचत होत नाही. म्हणून ती अट प्रस्तावात स्पष्ट लिहावी.

दरपत्रकातील रक्कम करासह आहे का, हे आधी तपासावे, कारण भोजनावरील जीएसटीचे क्रेडिट सहसा मिळत नाही आणि तो कर खर्चातच धरावा लागतो. सहल गोव्यात नेल्यास तेथील हॉटेलच्या निवासावरील कराचे क्रेडिटही महाराष्ट्रातील नोंदणीवर घेता येत नाही. माझ्या मते सर्वाधिक चुका इथेच होतात.

वैद्यकीय तपासणीसारख्या कल्याण खर्चाचे शीर्षक स्वतंत्र ठेवावे, म्हणजे सहल नामंजूर झाली तरी तो अडणार नाही. मंजुरी कोणत्या तारखेपर्यंत हवी, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे आणि ती तारीख हॉटेलची आगाऊ रक्कम भरण्याच्या मुदतीवरून ठरवावी.