छतावर साचणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त: माझा अनुभव

पाऊस थांबला तरी सपाट छताच्या मध्यावर घोट्याइतकं पाणी राहायचं. निचऱ्याची तोंडं कडेला. तुळई वाकली की खळगा खोल होणार, त्यात आणखी पाणी येणार.

पोलादी तुळया 12 मीटर लांब, 3 मीटर अंतरावर. हे चक्र थांबायला तुळईचा ताठपणा EI हा γSL⁴/π⁴ पेक्षा जास्त हवा. E म्हणजे पोलादाचा लवचिकता गुणांक, I म्हणजे तुळईच्या छेदाचा वाकण्याला विरोध मोजणारा आकडा, γ म्हणजे पाण्याचं दर घनमीटर वजन, S म्हणजे तुळयांमधलं अंतर, L म्हणजे तुळईची लांबी. म्हणजे I निदान 3,130 सेमी⁴ हवा. आमचा 5,100. वरकरणी ठीक! पण लागणाऱ्या I चं आमच्या I शी गुणोत्तर 0.61 आलं, म्हणजे वाक 1/(1−0.61), जवळपास अडीचपट.

तुळया बदलण्याऐवजी मधोमध खांब दिले. गाळा निम्मा, L⁴ सोळावा हिस्सा, गुणोत्तर 0.04. खांबांऐवजी आडवी तुळई टाकणार असाल, तर तिचाही वाक हिशेबात धरा.