डाळ शिजवताना या चुका टाळा: चार डाळींना एकच हिशेब नको

बहुतेक घरांत कुकरच्या शिट्ट्या डाळ बघून नाही, सवयीनं ठरतात. तुरीचं वरण तीन-चार शिट्ट्यांत होतं, म्हणून मसुरीच्या डाळीलाही तेवढ्याच. मग मसुरीचं पिठलं होतं, उडदाची डाळ टणक राहते आणि दोष मात्र गॅसला जातो.

नागपुरात सगळ्यात जास्त तक्रार तुरीची असते, आणि ती बहुतेकदा आंबाडीच्या भाजीत निघते. घाईत आंबाडी आणि डाळ एकाच डब्यात लावली जाते. आंबाडी चांगलीच आंबट, आणि आंबटपणात डाळीच्या दाण्याचं बांधकाम सुटत नाही. चिंच, टमाटर, कैरी, सगळ्यांचं तेच. अशा डाळीला आणखी पाच शिट्ट्या दिल्या तरी आत कणी राहते.

म्हणून एक वाटी तुरीची डाळ धुऊन अर्धा तास गरम पाण्यात भिजवा. तीन वाट्या पाणी, हळद आणि चमचाभर तेल घालून तीन शिट्ट्या होऊ द्या, मग गॅस बारीक करून पाच-सात मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. एक दाणा बोटांत दाबायचा: मधे पांढरा टणक ठिपका लागला तर डाळ अजून झाली नाही. आंबाडी वेगळी उकडून, पाणी पिळून, घोटलेल्या डाळीत घाला. चूक आधीच झाली असेल तर चिमूटभर खायचा सोडा घालून पुन्हा शिजवा. फेस येतो, त्यामुळे भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. आंबटपणा थोडा कमी होईल, आणि सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येईल.

आंबट काही नसतानाही तूर शिजत नसेल तर पाणी तपासा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार दाण्याला घट्ट धरून ठेवतात. खात्री करणं सोपं आहे. एकाच कुकरमध्ये दोन वाट्या ठेवा, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत आरओचं, डाळ दोन्हीत सारखी. फक्त बोअरवाली टणक राहिली तर दोष पाण्याचा. दोन्ही राहिल्या तर डाळ जुनी. ती जास्त वेळ भिजवा, नाहीतर वड्यासाठी ठेवा.

मसुरीची गोष्ट नेमकी उलटी. ही केशरी डाळ उघड्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटांत होते आणि घोटायची गरजच पडत नाही, स्वतःच विरघळते. कुकरला एक शिट्टी पुष्कळ. लसूण-कांद्याच्या पातळ आमटीला ती छान, पण डाळभाजीत तुरीऐवजी घातली तर पालकासोबत सगळं एकजीव होऊन रंग मळकट दिसतो. मुगाची डाळ साधारण वीस मिनिटं घेते. हिची चूक वेळेची कमी, पाण्याची जास्त: गॅसवर पातळ दिसणारं मुगाचं वरण ताटात येईपर्यंत घट्ट होतं, म्हणून उतरवताना मुद्दाम सैल ठेवावं, आणि वरून थंड नाही, गरम पाणी घालावं. आजाऱ्याला, लेकराला हीच द्यावी. रोजच्या वरण-भाताला मात्र माझं मत तुरीकडेच. तूप सोडलं की जी चव येते ती मुगाला नाही.

उडदाबद्दल गैरसमज वेगळा. ती शिजली तरी दाणा उभा दिसतो, म्हणून लोक शिट्ट्या वाढवत जातात आणि शेवटी हाती लागते चिकट खळ. दाणा दिसतो का ते बघू नका, दाबून बघा. भिजवलेल्या डाळीला चार-पाच शिट्ट्या पुरतात. आधी कढईत कोरडी, हलका वास येईपर्यंत भाजली तर चिकटपणा बराच कमी होतो. भरपूर लसूण आणि हिंग असलेलं घट्ट वरण हिचंच.

हाच चिकटपणा वडाभातात कामी येतो, पण प्रमाणात. वडाभाताचा वडा कुस्करून भातावर घ्यायचा असतो, म्हणून तो रवाळ, खुसखुशीत हवा. मोट, हरभऱ्याची आणि तुरीची डाळ भिजवून भरड वाटा. उडदाची मूठभरच, बांधण्यापुरती. ती जास्त झाली की वडा फुगतो आणि आतून कापसासारखा मऊ होतो. वाटण आधीच सैल नि गुळगुळीत झालं असेल तर थोडी हरभऱ्याची डाळ वेगळी भरड वाटून त्यात मिसळा आणि आधी एकच वडा तळून, मोडून बघा.