फॉरेक्स कार्डातले उरलेले डॉलर परत करताय? आधी रेट लेखी घ्या

कार्ड, पॅन, पासपोर्टची झेरॉक्स (परतल्याचा शिक्का असलेल्या पानासकट) आणि स्वतःच्या नावाच्या खात्याचा कॅन्सल केलेला चेक. हे सगळेच नेतात, त्यावर वेळ घालवत नाही. ज्यांनी कार्ड दिलं त्यांच्याकडेच परतीचा अर्ज करायचा, पण नौपाड्यात किंवा वाशीत सगळ्यात जवळची शाखा फॉरेक्सचं काम करतेच असं नाही, तेव्हा आधी फोन करून विचारा. परदेशातून परतल्यापासून १८० दिवसांत न वापरलेलं परकीय चलन परत करायचं, हा नियम आहे.

निघण्याआधी अ‍ॅपवर कार्डाचं स्टेटमेंट उघडा. हॉटेलने किंवा भाड्याच्या गाडीवाल्याने डिपॉझिट म्हणून अडवलेली रक्कम अजून सुटली नसेल, तर तेवढे डॉलर परत मिळणार नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मागणी केल्यावर बँकेने शिल्लक लगेच परत करायची असते, पण मंजूर होऊन अजून हिशेबात न आलेले व्यवहार, आणि वाटेत असू शकणाऱ्या व्यवहारांसाठी १०० डॉलरपर्यंतची रक्कम, ती तात्पुरती राखून ठेवू शकते. म्हणून अडवलेले पैसे सुटेपर्यंत थांबा, नाहीतर उरलेल्या पैशांसाठी दुसरी फेरी पडते. कार्डात युरो आणि डॉलर दोन्ही असतील तर सगळं एका चलनात गोळा करू नका. तसं केल्यास आधी युरोचे डॉलर करताना आणि मग डॉलरचे रुपये करताना, असं दोनदा नुकसान होतं.

आता मुख्य गोष्ट: रेट. फॉर्मवर सही करण्याआधी रेट लेखी घ्या. "आजचा रेट लागेल" एवढं तोंडी उत्तर पुरत नाही, कारण बँकेच्या एकाच दिवसाच्या रेटपत्रकात बरेच रकाने असतात. तुम्ही कार्ड भरलंत तो विक्रीचा रेट, तो आता तुमच्या उपयोगाचा नाही. आता बँक तुमच्याकडून डॉलर विकत घेते आहे, म्हणून खरेदीचा रेट, आणि त्यातही कार्डाचा. नोटांच्या खरेदीचा रेट वेगळा आणि सहसा कमी असतो, कारण नोटा सांभाळायचा आणि पाठवायचा खर्च बँकेला येतो. कार्डात नोटा नाहीत, मग तो रेट का घ्यायचा?

समजा ८४० डॉलर उरलेत. कार्डाचा खरेदी रेट ८२.९० असेल तर ६९,६३६ रुपये होतात. नोटांचा ८१.६० लावला तर ६८,५४४. फरक १,०९२ रुपयांचा, तोही फक्त रकाना चुकल्यामुळे. मोबाइलवर त्या वेळी ८४.२० दिसत असेल, पण तो बाजाराचा मधला भाव असतो. तो मागू नका, कोणी देणार नाही. त्याच्याशी तुलना मात्र करा, बँकेने किती अंतर ठेवलंय ते कळतं.

दुसरा अर्धा भाग तारखेचा. अर्ज दिला तो दिवस आणि शाखेने त्यावर प्रत्यक्ष काम केलं तो दिवस वेगळे असू शकतात, आणि रेट सहसा काम झालं त्या दिवसाचा लागतो. शनिवारी तर जाऊच नका: परकीय चलनाचा आंतरबँक बाजार बंद असतो, मग शुक्रवारचा रेट की सोमवारचा, यावर वाद होतो. म्हणून शाखेला ई-मेल करा: "माझ्या कार्डावरील शिल्लक परत करताना कोणत्या रकान्याचा आणि कोणत्या तारखेचा रेट लागेल?" उत्तर येईपर्यंत सही नाही. काउंटरवरच काम उरकायचं असेल तर त्या दिवसाचं रेटपत्रक मागा, रकान्यावर पेनाने खूण करून घ्या आणि फोटो काढा. रेट लेखी, रकाना लेखी, तारीख लेखी.

कपात: एक लाखापर्यंतच्या रकमेवर साधारण पद्धत अशी की रकमेच्या १ टक्का, पण किमान २५० रुपये, ही सेवेची किंमत धरतात आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. वरच्या हिशेबात ६९६ रुपये कापत नाहीत, त्यांच्यावरचा सुमारे १२५ रुपये जीएसटी तेवढा कापतात. शाखा याशिवाय काही शुल्क लावत असेल तर तेही त्याच ई-मेलमध्ये विचारा. कार्ड भरताना टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापला असेल तर तो काउंटरवर परत मिळत नाही, आयकर विवरणपत्रात दाखवायचा.

पैसे जमा झाले की मेमो घ्या आणि त्यावरचा रेट फोटोतल्या रेटशी ताडा. जुळत नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in वर तक्रार. तिथे ई-मेल आणि फोटो जोडायचे. कार्ड बंद करायचं असेल तर ते वेगळं सांगावं लागतं.